‘विशेष स्पर्धा’ नको, बोचिया आणि लगोरी घ्या

“मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते आठवीला खेळ घेते. पट ४८, चार रंगांचे चार गट. सहावीतल्या एका मुलीला स्पायना बिफिडा आहे. ती चाकखुर्ची स्वतः चालवते, हात दणकट आहेत. सातवीतल्या एका मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. वॉकर घेऊन चालतो, हात ताठ होतात, बोलणं मात्र स्पष्ट आहे. मागच्या क्रीडादिनाला दोघांसाठी ‘विशेष स्पर्धा’ ठेवली, बादलीत चेंडू टाकायची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, दोघांनाही पहिला नंबर दिला. या वर्षी मुलगी म्हणते, त्या दिवशी मी येणारच नाही. मला असे सांघिक खेळ हवेत ज्यात दोघं खरोखर खेळतील. प्रार्थनेची शेड आहे, खाली कोबा, १५ बाय ८ मीटर. पुढे पेव्हर ब्लॉकचं पटांगण. पैसे जेमतेम. मुख्याध्यापक विचारतात, काही लागलं-पडलं तर जबाबदारी कोणाची? सिटिंग व्हॉलीबॉल घेऊ का? मुलं फुग्यानेसुद्धा खेळतील.”
— एक क्रीडाशिक्षिका, सातारा जिल्हा

बाई,

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते तातडीचं आहे. या मुलीसाठी सिटिंग व्हॉलीबॉल नको, आणि फुगा तर अजिबात नको.

सिटिंग व्हॉलीबॉल उत्तम खेळ आहे. पॅरालिम्पिकमध्ये १९८० पासून आहे. जाळी खाली, मैदान लहान, सगळे जमिनीवर बसलेले, त्यामुळे पाय नसलेला आणि पाय असलेला एकाच पातळीवर येतो. पण त्यात सरकायचं असतं ते बुडावर. स्पायना बिफिडा म्हणजे जन्मतः पाठीचा कणा नीट न जुळणं. तो असलेल्या बहुतेक मुलांना कमरेखाली संवेदना कमी असते किंवा नसतेच. कोब्यावर वा पेव्हरवर अर्धा तास घासत सरकली तर कातडी सोलवटेल आणि तिला कळणारही नाही. दुसऱ्या दिवशी आईला कपड्यांवर रक्त दिसेल तेव्हा कळेल, आणि अशी जखम भरायला कधीकधी महिने लागतात. गुळगुळीत लाकडी फ्लोअर, जाड पॅड असलेली पँट आणि खेळानंतर कातडी तपासणारं माणूस, एवढं असेल तरच तो खेळ. तुमच्याकडे ते नाही.

फुग्याचं कारण वेगळं. ज्यांच्या लहानपणापासून शस्त्रक्रिया होत आलेल्या असतात अशा स्पायना बिफिडाच्या मुलांमध्ये लॅटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची, ॲलर्जी पुष्कळ दिसते. रबरी फुगा, रबरी हातमोजे, काही रबरी चेंडू यांनी अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, क्वचित श्वास अडकतो. म्हणून डॉक्टर या मुलांना, त्रास झालेला असो वा नसो, पहिल्यापासूनच लॅटेक्सपासून लांब ठेवायला सांगतात. ‘अपंग मुलांसाठी सोपा खेळ’ म्हणून जो तो फुगा सुचवतो, आणि नेमकं याच मुलांना तो सगळ्यात वाईट. आईला एवढंच विचारा: फुगा हाताळल्यावर हिला कधी खाज सुटली, ओठ सुजले? उत्तर ‘नाही’ आलं तरी त्या दिवशी शाळेत फुगे नकोत, सजावटीलाही नकोत.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे. या दोघांना एकच खेळ शोधू नका. त्यांची शरीरं एकमेकांपासून जितकी वेगळी आहेत तितकी ती तुमच्या बाकीच्या पोरांपासूनही नसतील. तिला पाय नाहीत पण हात आहेत, फेक जोरात आहे, पकड पक्की आहे. त्याला पाय थोडे आहेत, पण हात त्याच्या ऐकण्यात नाहीत. मूठ मिटणं सोपं, उघडणं अवघड. तिला वेग चालेल, त्याला वेळ हवा. खो-खो, कबड्डी, लंगडी या खेळांत गुण पायावर मिळतो. तिथे यांना घुसवलं तर पुन्हा बादलीतला चेंडूच होईल, फक्त घोळक्यात. म्हणून मी दोन खेळ सांगते: शेडमध्ये बोचिया आणि पटांगणात लगोरी. बोचियात सगळे ४८ खेळतील. लगोरीत प्रत्येक गटाचे सात. दोन गट शेडमध्ये असतील तेव्हा उरलेले दोन पटांगणात.

बोचिया म्हणजे नेमाचा खेळ. १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे आणि मुळात सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठीच वाढला. एक पांढरा चेंडू असतो, त्याला जॅक म्हणतात. एका बाजूचे सहा लाल, दुसऱ्या बाजूचे सहा निळे. जॅक मैदानात टाकायचा आणि आपले चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे. खेळाडू बसूनच टाकतो. सांघिक सामन्यात तीन विरुद्ध तीन, प्रत्येकाकडे दोन चेंडू. गोट्या खेळलेल्या पोराला दोन मिनिटांत समजतो आणि पुढे तासन्‌तास डोकं खातो.

खऱ्या मैदानाची लांबी साडेबारा मीटर आणि रुंदी सहा मीटर. तुमच्या शेडमध्ये ते बसतं, ही चांगली गोष्ट आहे. एका टोकाला, अडीच मीटर खोल आणि प्रत्येकी एक मीटर रुंद असे सहा चौकोन खडूने आखा. दोन्ही गट एकाच टोकाला बसतात, लाल-निळे आलटून पालटून. पुढे दहा मीटर उरतात, तेवढे सहावी-सातवीच्या हाताला थोडे जास्त आहेत. आठ मीटरवर मागची रेघ मारा. जॅक निदान दोन-तीन मीटर पुढे गेलाच पाहिजे, नाहीतर पोरं तो पायाशीच सोडतात आणि खेळ संपतो. कोबा फार गुळगुळीत असेल तर शाळेची मोठी जाजमं घट्ट ताणून अंथरा, कडा चिकटपट्टीने चिकटवा. जाजमावर चेंडू वेळेत थांबतो, आणि या खेळात थांबणं हाच सगळा कस आहे.

चेंडू विकत आणायला जाऊ नका, महाग पडतात. खरा चेंडू साधारण २७५ ग्रॅमचा आणि २७ सेंटीमीटर परिघाचा असतो, म्हणजे मोसंब्यापेक्षा किंचित मोठा. चामड्याचा, आत बारीक दाणे. गंमत अशी की तेवढ्या आकाराची पिशवी ज्वारीने गच्च भरली की वजन आपोआप पाव किलोच्या थोडंसं वर जातं. वाळू भरू नका, दुप्पट जड होतो आणि त्या मुलाच्या हाताला पेलत नाही. टेलरकडून जाड कापडाच्या लाल, निळ्या, पांढऱ्या चिंध्या आणा. सरळ पिशवी शिवून भरलीत तर चेंडू लंबुळका होतो आणि लोळताना भलतीकडे वळतो. संत्र्याच्या फाकीसारखे चार तुकडे कापून शिवा, शेवटचं तोंड ठासून भरल्यावरच बंद करा. ताटात फिरवून बघा. डगमगत फिरला तर उसवून पुन्हा. तेरा लागतात, दोन जास्तीचे करून ठेवा. रात्री डब्यात बंद करा, उंदीर येतात.

आता त्या मुलाचा रॅम्प. ज्याला फेकता येत नाही तो खेळाडू बोचियात घसरगुंडीवरून चेंडू सोडतो, आणि त्याला कोणी सवलत म्हणत नाही. तो खेळाचाच एक प्रकार आहे. प्लंबरकडून ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, पाच-सहा फुटांचा, उभा मधोमध चिरून घ्या. दोन पन्हाळी मिळतात. कडा पॉलिशपेपरने घासा, नाहीतर बोटं कापतील. एक पन्हाळ स्टुलाच्या आणि विटांच्या आधाराने तिरपी ठेवायची. वरचं टोक मुलगा बसल्यावर त्याच्या छातीपर्यंत आलं की पुरे. खालचं टोक जमिनीला जवळजवळ समांतर व्हायला हवं. पन्हाळ सरळ उतरणीची ठेवली तर चेंडू जमिनीवर आपटतो, तिथेच अर्धा जोर जातो, आणि मुलाला वाटतं चूक आपली झाली. म्हणून उरलेल्या पन्हाळीचा दोन फुटांचा तुकडा कापून खाली कमी उताराने जोडा, सांध्यावर आतून चिकटपट्टी लावा.

चेंडू किती लांब जाणार हे तो किती उंचीवरून सुटला यावर ठरतं. हाताचा जोर त्यात येतच नाही. त्यामुळे पन्हाळीवर वीतभर अंतराने मार्करने खुणा करा, खालून एक-दोन-तीन. सरावाच्या पहिल्या दिवशी त्याने प्रत्येक खुणेवरून तीन-तीन चेंडू सोडायचे आणि ते कुठे थांबले ते वहीत लिहायचं. लिहायचं त्याच्या सांगण्यावरून. दोन दिवसांत तो म्हणू लागेल, “जॅक पाच मीटरवर आहे, चौथ्या खुणेच्या जरा वर धर.” हे गणित दुसऱ्या कोणाकडे नसतं. हाताने टाकणाऱ्यांनाही नसतं.

त्याच्या शेजारी एक मदतनीस लागतो, त्याच्याच गटातला. इथेच सगळं बिघडतं, म्हणून नीट वाचा. मदतनीस चांगल्या मनाचा असतो. तो मैदानाकडे बघतो, रॅम्प ‘बरोबर’ दिशेला वळवतो, चेंडू ‘बरोबर’ उंचीवर ठेवतो, आणि आपल्या मित्राला म्हणतो, सोड. अशा वेळी खेळला कोण? आंतरराष्ट्रीय नियमांनी याचा कडेकोट बंदोबस्त केला आहे: रॅम्प धरणाऱ्या सहायकाने मैदानाकडे पाठ करूनच बसायचं, वळून बघायचं नाही, स्वतःहून काही सुचवायचं नाही. खेळाडू सांगेल तेवढंच करायचं. “डावीकडे. अजून. थांब. वर. चेंडू ठेव.” आणि चेंडूला शेवटचा स्पर्श खेळाडूचाच. हा नियम शब्दशः लावा. वळून पाहिलं की तो चेंडू बाद, मग सगळे कितीही हळहळोत. आणखी एक नियम आहे, तोही घ्या. प्रत्येक चेंडूनंतर रॅम्प स्पष्ट दिसेल इतका बाजूला वळवायचा, म्हणजे आधीच्याच नेमावर पुढचा चेंडू जाऊ शकत नाही. दुसऱ्या गटाची ‘त्याला काय, सोपंय’ ही कुरकुर त्यातच संपते.

त्याची मूठ उघडत नसेल तर चेंडू मुठीत देऊच नका. चेंडू पन्हाळीत ठेवायचा, त्याने उघड्या तळव्याने किंवा मनगटाच्या कडेने अडवून धरायचा आणि हात उचलायचा. हेही जमत नसेल तर टोपीला पुढे बांधलेल्या काठीने. बोचियात कपाळावरच्या काठीने चेंडू सोडणारे खेळाडू असतात.

बसणं हेही महत्त्वाचं. शाळेची खुर्ची त्याला उंच होत असेल, पाय लोंबकळत असतील, तर हात आणखी ताठ होतात. पायाखाली पाट द्या, तळवे पूर्ण टेकले पाहिजेत. कमरेला ओढणीने खुर्चीशी सैलसर बांधा. फरक तुम्हाला पहिल्या पाच चेंडूंत दिसेल. आणि शिट्टी नको. सेरेब्रल पाल्सी असलेल्या कित्येक मुलांचं अंग अचानक आवाजाने दचकून ताठ होतं, त्यांचा त्यावर ताबा नसतो. बोचियात शिट्टीची गरजही नाही; पंचाच्या हातात एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने निळी अशी पाटी असते, ज्याची पाळी तो रंग दाखवायचा. पुठ्ठ्याची करा. डिसेंबरच्या सकाळी थंडीने स्नायू आणखी आखडतात, तेव्हा त्याची पाळी ऊन चढल्यावर, दहानंतर येईल असं बघा.

एक डाव कसा जातो ते सांगते, म्हणजे पाळ्यांचा नियम कळेल. समजा हा मुलगा लालमध्ये, मुलगी निळ्यामध्ये. लालने जॅक टाकला, तो पाच मीटरवर थांबला. जॅक टाकणारा गटच पहिला रंगीत चेंडू टाकतो. लालचा चेंडू जॅकच्या मागे वीतभर अंतरावर. मग निळ्याची पाळी, आणि नियम असा की ज्याचा चेंडू जॅकपासून लांब तो टाकत राहतो, जोवर तो जवळ येत नाही. निळ्याचे पहिले दोन फसले. तिसरा त्या मुलीने टाकला, चाकखुर्चीचे ब्रेक लावून, खालून झुलता हात. जॅकच्या पुढ्यात येऊन चिकटला. आता लालने टाकायचं. दोन चेंडू टाकले, दोन्ही जॅकच्या मागेच राहिले, दोन-दोन विती लांब. निळ्याचा चेंडू समोर भिंतीसारखा. मुलाची पाळी आली. त्याने जवळ पोचायचा विचारच केला नाही. सहाव्या खुणेवरून, सरळ निळ्या चेंडूच्या नाकावर. निळा जॅकवर आदळला, जॅक मागे सरकला, लालच्या तीन चेंडूंच्या घोळक्यात जाऊन थांबला. निळ्याकडे तीन उरले होते. दोन पुढे निघून गेले, तिसरा जॅकपासून वीतभरावर राहिला. आता टाकायचं उरलं ते लालकडे. त्यांनी उरलेले दोन टाकले, ते कुठेतरी लांब थांबले. मोजणी: निळ्याच्या सगळ्यात जवळच्या चेंडूपेक्षा लालचे जेवढे चेंडू जवळ तेवढे गुण. दोन होते, लालला दोन गुण. अंतर डोळ्याने ठरत नसेल तर दोरीने मोजा, आणि मोजायला दोन्ही गटांचा एकेक जण बसू द्या. भांडण तिथेच होतं.

आता ४८ जण कसे बसवायचे? गटात बारा मुलं. एका सामन्यात चार डाव, दर डावाला नवे तिघं. चार गुणिले तीन, बारा. म्हणजे प्रत्येक मूल एका सामन्यात नेमका एक डाव खेळतं, हे दोघंही तेवढाच. कोणी पुन्हा नाही, कोणी राखीव नाही. डावाला सहा मिनिटं धरा, सामना चोवीस मिनिटांचा. दोन उपांत्य, एक तिसऱ्या क्रमांकाचा, एक अंतिम. सगळं मिळून ९६ मिनिटं, अधेमधे जागा बदलायची धरून दोन तास. डावाला वेळ मोजत असाल तर रॅम्पच्या मुलाला वाढवून द्या. आंतरराष्ट्रीय सामन्यांतही रॅम्पवाल्यांना जास्त वेळ असतो. आणि टाकताना सगळ्यांनीच बसून टाकायचं, पायाने धडधाकट असलेल्यांनीही. उभं राहून टाकलेला चेंडू बाद. आठवीतल्या दांडगोबांना सरावात हे जड जातं, कारण बसल्यावर त्यांची उंची आणि धाव दोन्ही कामाला येत नाहीत.

लगोरीवर फार लिहीत नाही, ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली येत असेल. बदल फक्त चार. सात चपट्या ठिकऱ्या जमिनीवर न रचता मजबूत बाकाच्या एका टोकावर रचा, म्हणजे चाकखुर्ची बाजूने लावून तिचा हात पोचेल. जमिनीपर्यंत वाकायला लावलं तर ती खुर्चीसकट पुढे कलंडते. दुसरा बदल: सात ठिकऱ्या सात वेगळ्या हातांनी लावायच्या, एकाने एकच. नाहीतर गटातला चपळ पोरगा सगळ्या लावून मोकळा होतो आणि ती कडेला उभी राहते. तिसरा सगळ्यात मोलाचा: क्षेत्ररक्षण करणाऱ्या गटात ज्याच्या हातात चेंडू आहे त्याने पाऊल हलवायचं नाही. उभ्या जागेवरून मारायचं किंवा साथीदाराला पास द्यायचा. हा नियम सगळ्यांना. पळत जाऊन पाठीत चेंडू हाणणं बंद होतं, आणि जागेवरून ताकदीने, नेमकं फेकणारा हात एकदम किमतीचा होतो. तिच्याकडे तो आहे. चौथा: चेंडू चिंध्यांचा, रबरी नको, आणि खांद्याच्या वर लागला तर मारणारा गटच एक ठिकरी गमावतो. स्पायना बिफिडाच्या अनेक मुलांच्या डोक्यातलं पाणी पोटात उतरवायला कातडीखालून नळी बसवलेली असते. हिला आहे का ते आईला विचारा. असेल तर हा नियम सरावातही मोडू देऊ नका.

चेंडू खुर्चीला लागला तर ती बाद का? हो. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये खुर्ची खेळाडूच्या शरीराचाच भाग धरतात, इथेही धरा. ‘तिला राहू दे’ म्हणणारं पोर भेटेलच, त्याला स्पष्ट नाही म्हणा. तिच्या खुर्चीला हात लावणं, ढकलणं मात्र कोणालाही मना, तिच्या गटालाही. खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्ट्यांची टोकं बाकीच्यांच्या नडग्या फोडतात, त्यांना जुन्या गोधडीचा तुकडा गुंडाळून बांधा.

लगोरीत तो मुलगा नको, असं माझं मत आहे. वॉकर घेतलेला मुलगा धावपळीत मागून धक्का लागून पडतो, आणि त्याला हात पुढे करून सावरता येत नाही. प्रत्येक गटाचे पाच जण लगोरीत नसणारच आहेत. तो त्यातला एक. सगळ्यांसारखाच.

सरावाच्या वेळी एका मुलाला वही देऊन बसवा. लगोरीत कोणाच्या हातात चेंडू किती वेळा आला, एवढंच त्याने रेघा मारून मोजायचं. मुलीच्या नावापुढे इतरांच्या निम्म्यानेही रेघा नसतील तर नियम कुठेतरी गळतोय. बहुधा पास तिच्यापर्यंत येतच नसतो. मग ‘मारण्याआधी दोन पास झालेच पाहिजेत’ असं जोडा. दुसरी खूण बोचियात दिसते. समोरचा गट त्या मुलाच्या डावात मुद्दाम ढिसाळ टाकतोय का बघा. पोरं दया दाखवताना अगदी सहज ओळखू येतात, एकमेकांकडे बघून हसतात. यावर भाषण देऊ नका. दोघांनी आपापल्या गटाला एकेक सामना जिंकून दिला की ते आपोआप थांबतं, म्हणून सराव लवकर सुरू करा. निदान तीन आठवडे आधी, आठवड्याला दोन तास.

आणि या दोन्ही खेळांचे गुण गटांच्या एकूण गुणतक्त्यात खो-खोइतकेच धरा. ते धरले नाहीत तर बाकी सगळं केलं तरी ती ‘विशेष स्पर्धा’च राहील, नाव बदललेली.

मुलगी येणार नाही म्हणते, तिला समजवायला जाऊ नका. सरावाला बोलवा आणि नियम जुळवायला बसवा, बाकाची उंची तीच ठरवेल. पण एक गोष्ट तिच्या आईशी एकांतात बोला. स्पायना बिफिडाच्या अनेक मुलांना ठरावीक तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते. दिवसभर मंडपात, चारशे लोकांत, खुर्ची आत जाईल असा संडास नाही, कोणाला सांगायची सोय नाही, तर कोणतीही मुलगी घरीच राहील. कारण हेच असेल असं नाही. पण वेळापत्रकात तेवढी मोकळी वेळ आणि कडी लागणारी एक खोली ठेवायला काय लागतं? तसंच, ती बसून असेल तेव्हा दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलून घ्यायची तिला बहुधा सवय असेल. खेळाच्या नादात विसरते, तेव्हा मैत्रिणीने आठवण करावी.

मुख्याध्यापकांसाठी. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ प्रमाणे शासनाचा निधी किंवा मान्यता असलेल्या शाळेने या मुलांना खेळाची आणि मनोरंजनाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यायची आहे. म्हणजे जबाबदारी खेळवण्याचीही आहे. लागण्या-पडण्याचा प्रश्नही त्यांचा रास्त आहे, आणि त्याचं उत्तर डॉक्टरांच्या चिठ्ठीत आहे. ‘खेळायला हरकत नाही’ अशी चिठ्ठी मात्र कुचकामी. पालकांनी हे विचारून लिहून आणावं: लॅटेक्स टाळायचं का, डोक्यात नळी आहे का, कातडीची संवेदना कुठपर्यंत आहे, मुलाला झटके येतात का आणि आले तर काय करायचं. अर्ध्या पानाचं काम आहे. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना सरावाच्या पहिल्या आठवड्यातच बोलवा. रॅम्पची उंची आणि मुलाचं बसणं त्यांच्याकडून एकदा बघून घ्या.

राहता राहिला माइक. निवेदन करणाऱ्या गुरुजींना आधीच सांगून ठेवा की बोचियाचा परिचय खेळ म्हणूनच द्यायचा: जॅक काय, गुण कसे. ‘जिद्दीला सलाम’ वगैरे काही नको. पाहुण्यांनी त्या दोघांना वेगळा गुच्छ द्यायचा आग्रह धरला तर तो विजयी गटाच्या कप्तानाकडे वळवा, मग तो कोणीही असो.